‘बजेट फिक्स आहे’ म्हणजे नेमकं काय फिक्स आहे?

वाचकाचं पत्र

मी २९ वर्षांची. साताऱ्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर आहे. फेब्रुवारीअखेर इथे पाच वर्षं पूर्ण होतील. शिरवळच्या एका कंपनीत मुलाखतीच्या दोन फेऱ्या झाल्या आणि ६ लाखांची ऑफर मेलवर आली. सध्याचा सीटीसी ४ लाख ९० हजार आहे, मी ६ लाख ९० हजार मागितले होते. एचआर मॅडम म्हणतात, “बजेट फिक्स आहे, यात काही होणार नाही.” शिवाय १ जानेवारीलाच रुजू व्हा म्हणतात, माझी नोटीस मात्र दोन महिन्यांची आहे. नोव्हेंबरअखेर उत्तर द्यायचंय. घरी अण्णा म्हणतात, “मिळतंय ते घे, जास्त ताणू नको.” मलाही भीती वाटते की पुन्हा विचारलं तर आलेली ऑफर जाईल. दोन्हीकडच्या पगाराचे तपशील सोबत पाठवतेय. काय करू?

— एक वाचक, सातारा

उत्तर

पुन्हा विचारा. फक्त ६ लाख ९० हजारांचा आकडा तसाच परत पुढे करू नका. ज्या आकड्याला एकदा नाही म्हटलंय, त्याला दुसऱ्यांदाही नाहीच म्हणावं लागतं, कारण मधल्या काळात मॅडमच्या हातात नवं काहीच आलेलं नसतं. तुम्ही पाठवलेले दोन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. मला त्यात ६ लाखांच्या आकड्यापेक्षा दुसऱ्याच दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे त्या ६ लाखांची वाटणी, आणि दुसरी १ जानेवारी ही तारीख. तुम्हाला मिळण्यासारखं जे आहे ते या दोन ठिकाणी आहे, आणि ते मागायला बजेट मोडावं लागत नाही.

आधी हे बजेट ठरतं कसं ते सांगते. मी कारखान्यांच्या एचआर विभागात बरीच वर्षं काढली आहेत आणि अशा ऑफरचे कागद मंजुरीसाठी फिरवले आहेत. जागा रिकामी झाली की त्या विभागाचा प्रमुख मागणीपत्र भरतो. त्यात पद, ग्रेड आणि पगाराची खालची-वरची मर्यादा असते. प्लँट हेड आणि फायनान्सच्या सह्या झाल्या की ती मर्यादा पक्की होते. पुढे उमेदवार निवडला गेला की प्रत्यक्ष आकडा काढायच्या दोन पद्धती असतात. एकात त्या मर्यादेच्या आत अनुभव बघून आकडा ठरतो. दुसरीत उमेदवाराचा सध्याचा सीटीसी घेऊन त्यावर वीस-पंचवीस टक्के चढवतात. ४ लाख ९० हजारांवरून ६ लाख म्हणजे साधारण साडेबावीस टक्के होतात. मला दाट शंका आहे की तुमचा आकडा दुसऱ्या पद्धतीने निघालाय.

हा फरक महत्त्वाचा आहे. आकडा ग्रेडच्या वरच्या टोकाला टेकला असेल तर मॅडम म्हणतात ते खरं आहे, आणि ती मर्यादा तुमच्यासाठी कुणी हलवणार नाही, कारण त्याच ग्रेडमध्ये आधीपासून बसलेल्या चार जणांचा प्रश्न लगेच उभा राहतो. आकडा टक्केवारीने काढला असेल तर वर जागा शिल्लक असते, पण ती उघडायला मॅडमना नवीन मंजुरी घ्यावी लागते आणि मंजुरीच्या कागदावर कारण लिहावं लागतं. कारण हातात नसेल तर त्या ‘फिक्स आहे’ म्हणून मोकळ्या होतात. त्यात खोटेपणा नाही. त्यांच्या खुर्चीवरून ते तसंच दिसतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे फोन करून एकच प्रश्न विचारणं: “मॅडम, हे ६ लाख या पदाच्या ग्रेडची वरची मर्यादा आहे, की माझा आत्ताचा पगार धरून त्यावर वाढ काढली आहे?” प्रश्न विचारून गप्प राहा. मधली शांतता भरून काढायला आपणच बोलत सुटतो आणि स्वतःच आकडा कमी करून बसतो, तसं होऊ देऊ नका.

उत्तरावरून बरंच कळेल. मॅडमनी ग्रेडचं नाव घेतलं, मर्यादा सांगितली, त्या ग्रेडमधले लोक कुठे आहेत हे समजावून सांगितलं, तर बजेट खरंच तिथे संपलंय असं समजा. “आमची पॉलिसी वीस-बावीस टक्क्यांचीच आहे” असं आलं, तर तो बजेटचा प्रश्न नाही, पद्धतीचा आहे, आणि पद्धतीला अपवाद होतात. त्यांनी उलट विचारलं की “मग तुम्ही कितीवर याल?”, तर जागा आहे. “विचारून सांगते” म्हणाल्या, तर निर्णय दुसऱ्या कुणाच्या हातात आहे आणि तुमचं कारण त्या माणसापर्यंत पोचलं पाहिजे.

आता ६ लाखांची वाटणी बघू. तुमचा सध्याचा महिन्याचा ग्रॉस ३८,००० आहे. त्यातून पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० गेले की हातात ३६,००० येतात. आता शिरवळच्या कागदावर या. ६ लाखांतले ६०,००० व्हेरिएबल आहेत. बेसिक २२,५०० आहे आणि पीएफ पूर्ण बेसिकवर आहे, म्हणून कंपनीचा वाटा वर्षाला ३२,४०० होतो. ग्रॅच्युइटीचे १३,००० धरलेत. मेडिक्लेमचे ९,६०० धरलेत. हे सगळं वजा केलं की उरतात ४ लाख ८५ हजार, म्हणजे महिन्याचा ग्रॉस ४०,४००च्या आसपास. त्यातून तुमचा पीएफ २,७०० आणि व्यवसाय कर २०० गेला की ३७,५०० राहतात. कागदाच्या तळाला बारीक अक्षरात कंपनीच्या बसचे महिन्याला १,५०० कापले जातील असं लिहिलंय. ते वजा करा. हातात ३६,०००.

म्हणजे सीटीसी १ लाख १० हजारांनी वाढला आणि महिन्याला हातात येणारी रक्कम होती तिथेच राहिली. शिवाय वाढे फाट्यावरून बस पकडून रोज खंबाटकी घाट ओलांडायचा, जाताना साठेक किलोमीटर आणि येताना तितकेच. प्राप्तिकराची काळजी इथे नाही. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर पडत नाही, आणि दोन्ही पगार त्याच्या बरेच खाली आहेत.

हिशेब एकतर्फी नको म्हणून दुसरी बाजूही सांगते. शिरवळला तुमच्या पीएफ खात्यात दोन्ही वाटे मिळून महिन्याला ५,४०० जातील, आत्ता ३,६०० जातात. ते १,८०० तुमचेच आहेत, फक्त आज हातात नाहीत. “पीएफ १५,००० च्या मर्यादेवर आणा, हातात जास्त येतील” असा सल्ला कुणी तरी देईल. मी देणार नाही. २९ व्या वर्षी ही बचत आपणहून कमी करू नये. मेडिक्लेममध्ये आई-अण्णा धरलेत का ते मात्र विचारून घ्या. धरले असतील तर त्या ९,६०० ला खरी किंमत आहे, एकट्या तुमच्यासाठी असेल तर फारशी नाही.

राहिलं ६०,००० चं व्हेरिएबल. सगळा खेळ इथे आहे. ते कधी मिळतं, कशावर मिळतं आणि गेल्या दोन वर्षांत लोकांना प्रत्यक्षात किती टक्के मिळालं, हे तीन प्रश्न विचारा. बऱ्याच ठिकाणी अट असते की पैसे वाटायच्या दिवशी तुम्ही नोकरीत असलं पाहिजे आणि राजीनामा दिलेला नसला पाहिजे. प्लँटचं वर्ष वाईट गेलं तर तुमचं काम कितीही चांगलं असो, रक्कम अर्ध्यावर येऊ शकते. “शंभर टक्के मिळतं हो सगळ्यांना” असं उत्तर आलं, तर तुमच्यासाठी ती फार सोयीची गोष्ट आहे. सगळ्यांना शंभर टक्के मिळतच असेल, तर ते पक्क्या पगारात धरायला कंपनीला वेगळा खर्च नाही.

ही तुमची पहिली मागणी. सीटीसी ६ लाखच राहू दे, पण व्हेरिएबलचे ६०,००० स्पेशल अलाउन्समध्ये टाका. बेसिक हलत नाही, म्हणून त्यावर काढलेले पीएफ आणि ग्रॅच्युइटीही सहसा हलत नाहीत. तुमच्या हातात महिन्याला पाच हजार वाढतात आणि बस वजा जाता ४१,००० येतात. ‘बजेट फिक्स आहे’ हे वाक्य या मागणीच्या आड येत नाही, कारण तुम्ही बजेट मान्यच करताय.

याला अडचण एकच येऊ शकते: त्या ग्रेडमध्ये सगळ्यांना दहा टक्के व्हेरिएबल असावं असा नियम असतो. तसं असेल तर निम्मं पक्कं करा म्हणा, नाही तर पहिल्या वर्षाचं व्हेरिएबल पूर्ण मिळेल अशी ओळ ऑफर लेटरमध्ये मागा. नव्या माणसाला पहिल्या वर्षी उद्दिष्टं ठरवून मिळेपर्यंतच चार महिने जातात, त्यामुळे ही मागणी कुणाला अवाजवी वाटत नाही.

आता तारीख. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात महाग ओळ हीच वाटली, आणि तुम्ही ती सहज लिहून पुढे गेला आहात.

कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षांची नोकरी लागते. शेवटचा बेसिक भागिले २६, गुणिले १५, गुणिले पूर्ण झालेली वर्षं, असा तिचा हिशेब. तुमचा सध्याचा बेसिक २०,८०० आहे. २६ ने भागले की ८००, पंधराने गुणले की १२,०००, आणि पाच वर्षांचे ६०,०००. तुम्ही ३१ डिसेंबरला बाहेर पडलात तर दोन महिन्यांसाठी हे ६०,००० धोक्यात येतात. सरळ ‘जातात’ असं म्हणत नाही, कारण १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्याखाली मद्रास उच्च न्यायालयाने एका निकालात पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तर ते वर्ष पूर्ण धरावं असं म्हटलं आहे, आणि सहा दिवसांच्या आठवड्यात तुमचे तेवढे दिवस डिसेंबरपर्यंत भरतात. काही कंपन्या ते मानतात, काही मानत नाहीत. न मानणाऱ्या कंपनीशी कामगार खात्यात जाऊन भांडायला वेळ आणि चिकाटी लागते. तुमच्या कंपनीत याआधी चार वर्षं दहा-अकरा महिन्यांवर सोडून गेलेलं कुणी असेल तर त्याला काय मिळालं ते हळूच विचारून ठेवा. पगार विभागात थेट विचारायला जाऊ नका, लगेच कुजबुज सुरू होईल.

शिवाय शिरवळच्या कागदावरचे ग्रॅच्युइटीचे १३,०००ही तुमच्या हाती यायला तिथली पाच वर्षं जावी लागतील. एकीकडची तयार रक्कम सोडायची आणि दुसरीकडे शून्यापासून मोजायला सुरुवात करायची, असं होईल.

दुसरा खर्च नोटिशीचा. १ डिसेंबरला राजीनामा देऊन ३१ ला निघालात तर एक महिन्याची नोटीस कमी पडते. नेमणूक पत्रात ग्रॉसवर वसुली लिहिली असेल तर ३८,००० तुमच्या फुल अँड फायनलमधून कापले जातील. म्हणजे नव्या कंपनीच्या घाईची किंमत तुमच्या खिशातून ९८,०००. वर्षाची जवळजवळ सगळी वाढ या एका तारखेत वाहून जाते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. घाई त्यांची आहे. जागा रिकामी असली की कस्टमरच्या तक्रारी, ऑडिटची तयारी, सुट्या भागांना कस्टमरची मंजुरी घेण्याची पीपीएपीची कागदपत्रं सगळं कुणाच्या तरी उरावर पडलेलं असतं आणि तो क्वालिटी हेड रोज एचआरला फोन करत असतो. म्हणून दुसरी मागणी दोन पर्यायांत ठेवा. एक तर २ मार्चला रुजू होऊ द्या. नाही तर १ जानेवारीच हवी असेल तर नोटिशीची वसुली कंपनीने भरावी आणि ग्रॅच्युइटीच्या बदल्यात ६०,००० जॉइनिंग बोनस द्यावा. जॉइनिंग बोनस एकदाच द्यायचा असतो, तो ग्रेडमध्ये धरला जात नाही, पुढच्या वर्षांच्या पगारवाढीत मोजला जात नाही आणि बाकीच्यांच्या पगाराशी त्याची तुलना होत नाही. फायनान्सला म्हणूनच तो मंजूर करणं सोपं जातं. ज्या कंपनीने वार्षिक पगारात वीस हजार वाढवायला साफ नकार दिला, तिनेच एकरकमी रक्कम आठवड्यात मंजूर केल्याचं मी पाहिलं आहे. त्याला अट बहुधा असते की वर्षाच्या आत सोडलंत तर परत करावा लागेल. ती अट वाचून घ्या, आणि कंपनीनेच काढलं तर परतफेड लागू नाही असं त्यात असू दे.

दोघांपैकी मला २ मार्च जास्त पसंत आहे. तुमच्या नोटिशीचा पूर्ण कालावधी भरेल, रिलीव्हिंग लेटर विनातक्रार मिळेल आणि ग्रॅच्युइटीवर वाद उरणार नाही. राजीनामा मात्र मार्चची तारीख लिहिलेलं ऑफर लेटर हातात आल्यावरच द्यायचा.

हे सगळं कुणाशी बोलायचं? आधी एचआर मॅडमशी. त्यांना डावलून वर गेलात तर त्या दुखावतील, आणि तुमचा कागद त्यांनाच फिरवायचा आहे. फोनवर वरचा प्रश्न विचारून झाला की म्हणा, “तुमची हरकत नसेल तर मी क्वालिटी हेड सरांशी कामाच्या व्याप्तीबद्दल दहा मिनिटं बोलू का?” त्या सहसा नाही म्हणत नाहीत. सरांशी बोलताना घर, अण्णा, प्रवास यातलं काही काढू नका. महागाईचाही उल्लेख नको. त्यांना मंजुरीच्या कागदावर लिहिता येईल असं कारण द्या. तुमच्या बायोडेटात मला ते दिसतंय: वाहन उद्योगातल्या आयएटीएफ १६९४९ या दर्जाच्या मानकाचं अंतर्गत ऑडिटरचं प्रमाणपत्र, आणि गेली दोन वर्षं कस्टमरच्या तक्रारींचं मूळ कारण शोधणारे एट-डी रिपोर्ट तुम्ही स्वतः हाताळताय. त्यांच्या जाहिरातीत ही दोन्ही कामं आहेत. हे न येणारा माणूस त्यांनी घेतला तर प्रशिक्षण आणि पहिल्या ऑडिटपर्यंतची उमेदवारी यात काही महिने जातात. एवढंच सांगा आणि एखादं खरं उदाहरण द्या: कुठली तक्रार होती, मूळ कारण काय निघालं, परत आली का. कस्टमरचं नाव आणि ड्रॉइंगचे तपशील मात्र बाहेर काढू नका. एवढी काळजी घेणारी व्यक्ती त्यांनाही हवी असते.

त्यानंतर त्याच दिवशी मेल. तुम्ही तो इंग्रजीतच लिहाल, मजकुराचा गाभा असा असू द्या:

“ऑफरबद्दल आभार. या पदावर काम करायची माझी पूर्ण तयारी आहे. एकूण सीटीसी ६ लाख मला मान्य आहे. दोन विनंत्या आहेत. पहिली, व्हेरिएबलचे ६०,००० स्पेशल अलाउन्समध्ये घ्यावेत. दुसरी, रुजू होण्याची तारीख २ मार्च करावी, म्हणजे माझी सध्याची नोटीस आणि पाच वर्षांची सलग नोकरी पूर्ण होईल. १ जानेवारीच आवश्यक असेल तर एका महिन्याच्या नोटिशीची वसुली आणि ग्रॅच्युइटीचे ६०,००० एकरकमी मिळावेत, दोन्हींचा हिशेब सोबत जोडला आहे. या दोन गोष्टी झाल्या तर मी लगेच सही करून पाठवते.”

शेवटचं वाक्य गाळू नका. एचआरला सगळ्यात मोठी धास्ती असते ती ही की वरून भांडून मंजुरी आणली आणि उमेदवार पुन्हा नवं काही मागायला लागला. ‘हे झालं की सही’ म्हटलं की त्यांना तुमच्यासाठी फाइल फिरवणं परवडतं. त्यांनी दोन्ही मान्य केलं तर मग खरंच सही करा, तिसरी गोष्ट काढू नका.

मेल नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी पाठवू नका. मंजुरीला दोन सह्या लागतात आणि त्यातला एखादा माणूस हमखास पुण्याला किंवा ऑडिटमध्ये असतो. त्यांच्याकडे निदान पाच कामाचे दिवस राहिले पाहिजेत.

ऑफर जाण्याच्या भीतीबद्दल. एकदा, लेखी, कारण देऊन केलेल्या विनंतीने ऑफर जाते असं सहसा होत नाही. तुमच्यापर्यंत पोचायला त्यांनी दोन फेऱ्या घेतल्या आहेत आणि पुन्हा पहिल्यापासून माणूस शोधायची त्यांची इच्छा नसते. फार तर ‘नाही’ येईल आणि मूळ ऑफर तशीच राहील. ऑफर जाते ती वेगळ्याच कारणांनी. होकार कळवून आठवड्याने पुन्हा पगाराचा विषय काढला, तर जाते. सध्याचा पगार फुगवून सांगितला, तर जाते, कारण शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट आणि फॉर्म १६ मागतातच. हातात नसलेल्या दुसऱ्या ऑफरचं नाव घेतलं आणि त्यांनी तिची प्रत मागितली, तरी जाते. सातारा, शिरवळ, वाई इथले एचआरवाले एकमेकांना ओळखतात, अशा गोष्टी फार दिवस झाकून राहत नाहीत. शिरवळची ऑफर दाखवून आत्ताच्या कंपनीकडून पगार वाढवून घ्यायचा मोहही टाळा. वाढ मिळालीही कधी कधी, तरी पुढच्या वर्षी तुमचं नाव ‘जाणाऱ्यां’च्या यादीत राहतं.

आणि दोन्ही विनंत्यांना नकार आला तर? मग ग्रेड खरंच भरलाय असं धरा आणि आणखी एकच गोष्ट विचारा: सहा महिन्यांनी कायम करताना पगाराचा आढावा, आकड्यासकट, ऑफर लेटरमध्ये. ‘बघू पुढे, करून घेऊ’ असं तोंडी आश्वासन कितीही मनापासून दिलेलं असलं तरी त्यावर विसंबू नका. सहा महिन्यांत मॅडम दुसऱ्या कंपनीत गेलेल्या असतात आणि नव्या माणसाकडे फक्त कागद असतो. जानेवारी ते मार्चमध्ये रुजू होणाऱ्यांना त्या एप्रिलची पगारवाढ बहुतेक ठिकाणी मिळत नाही, त्यामुळे हा आढावा नसेल तर पहिली वाढ थेट पुढच्या वर्षीच्या एप्रिलात. ही गोष्ट त्यांना बोलून दाखवायला हरकत नाही.

तेही नाही म्हणाले आणि तारीखही हलली नाही, तर माझं मत स्पष्ट आहे: ही ऑफर घेऊ नका. हातात तेवढेच पैसे, प्रवास रोज सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आणि सुटताना लाखभराची जोखीम, यात तुमचं काही वाढत नाही. फक्त तारीख हलली आणि व्हेरिएबल तसंच राहिलं, तर विचार करण्यासारखं आहे, आणि तो पैशांपेक्षा कामाचा विचार असेल. तिथे कस्टमर क्वालिटीचं पूर्ण काम तुमच्या नावावर येणार असेल, सीएमएम हे मोजमापाचं यंत्र आणि सप्लायर ऑडिट शिकायला मिळणार असतील, तर दोन वर्षांनी चाकण-रांजणगावात तुमचा भाव वेगळा असेल. आत्ताच्या ठिकाणी तेच ते इन्स्पेक्शन रिपोर्ट भरत असाल तर त्याला अर्थ आहे. हे मला इथून ठरवता येणार नाही, तुम्हाला ठाऊक असेल.

अण्णांच्या बोलण्यामागची काळजी मला कळते. त्यांच्या काळात कारखान्यात चिकटणं हीच मोठी गोष्ट होती आणि ताणलं की तुटतं हे त्यांनी कुणाच्या तरी बाबतीत पाहिलेलं असणार. त्यांच्याशी वाद घालू नका. दोन्ही पगारांचा वरचा हिशेब एका कागदावर लिहा आणि त्यांच्यापुढे ठेवा. पेन्सिल हातात घेऊन त्यांनी स्वतः वजाबाकी केली आणि दोन्हीकडे ३६,००० आले की ते तुम्हाला ‘ताणू नको’ म्हणतील असं मला वाटत नाही. उलट बसचे १,५०० कशाला कापतात हे तेच पहिलं विचारतील, आणि तो प्रश्नही बरोबर आहे. मुख्य दोन मागण्या मार्गी लागल्यावर बसचं भाडं माफ होतं का हे मॅडमना सहज विचारून बघा. ‘हे झालं की सही’ म्हटल्यावर ती अट करू नका, फक्त चौकशी करा.

नवं ऑफर लेटर आलं की सही करण्याआधी त्यात चार गोष्टी शोधा: रुजू व्हायची तारीख, महिन्याचा ग्रॉस, व्हेरिएबल उरलं असेल तर त्याची अट, आणि एकरकमी काही ठरलं असेल तर ते कधी व कशासोबत मिळणार. फोनवर ठरलेलं एखादं कलम त्यात नसेल तर विसरलं असेल म्हणून सोडून देऊ नका. तोच मेल पुढे पाठवून “हे यात दिसत नाही, कृपया जोडून द्या” एवढंच लिहा, आणि सुधारलेलं पत्र येईपर्यंत साताऱ्याच्या कंपनीत राजीनाम्याचा अर्ज टाकू नका.